बॅकलाइट गेलाय की पॅनेल? जुना टीव्ही घेताना दुकानातच ओळखा

बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, जुने टीव्ही विकणाऱ्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आवाज मस्त आहे की वो. पिक्चरचं किरकोळ काम आहे, करून देतो." हे वाक्य कधी अगदी खरं असतं आणि कधी तो टीव्ही भंगाराच्या भावानेही महाग पडेल असा असतो. फरक एवढाच, की बिघाड बॅकलाइटचा आहे की पॅनेलचा. दोन्हींत पडदा काळा पडतो, दोन्हींत पट्टे दिसतात, आणि गिऱ्हाईकाला दोन्ही सारखेच वाटतात. बॅकलाइटचं काम थोड्या पैशांत होतं. पॅनेल बदलायचं म्हटलं तर त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते, म्हणून कुणी बदलतच नाही.

एलईडी टीव्हीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. गणपतीच्या मंडपात पारदर्शक चित्रामागे दिवे लावतात, तशीच ही रचना. चित्र असतं ती काच म्हणजे पॅनेल. तिच्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात, तो बॅकलाइट. मधे उजेड सगळीकडे सारखा पसरावा म्हणून पांढरे पातळ शीट घातलेले असतात. या बॅकलाइटला चित्रातलं काही कळत नाही, तो फक्त उजेड पाडतो, आणि तोही शीटमधून गाळून येतो. म्हणून बॅकलाइटच्या दोषाला कधीच धारदार कड नसते. तो गोल डागासारखा किंवा ढगासारखा दिसतो, हळूहळू विरत जातो. पॅनेलमध्ये मात्र हजारो बारीक तारा उभ्या-आडव्या ओळींत आखलेल्या असतात, त्यामुळे तिथला बिघाड सरळ रेषेत येतो. दोऱ्यासारखी एक रेघ, किंवा पट्टीने आखल्यासारखा उभा पट्टा. कड मऊ की धारदार, हे दुकानात सगळ्यात आधी बघा. बाकीच्या चाचण्या त्याची खात्री करण्यासाठी.

पडदा पूर्ण काळा आणि आवाज चालू, अशा टीव्हीपासून सुरुवात करू. दुकानातला दिवा बंद करायला सांगा, नाहीतर डोक्यावर टॉवेल घेऊन पडद्याच्या जवळ जा. मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरका धरा आणि रिमोटवरून मेनू उघडा. टॉर्चच्या उजेडात मेनूची अक्षरं किंवा माणसांच्या आकृत्या पुसट हलताना दिसल्या, तर काच चित्र बनवते आहे आणि फक्त मागचा उजेड गेला आहे. टॉर्चचा उजेड काचेतून आत जातो, मागच्या पांढऱ्या शीटवर आपटून परत येतो, म्हणून एवढं तरी दिसतं. चालू केल्यावर क्षणभर चित्र येऊन लगेच काळं होत असेल, तरी बहुतेक वेळा हीच गोष्ट. पट्टीवरचे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, एक तुटला की अख्खी साखळी बंद पडते, आणि ते ओळखून आतलं सर्किट उजेड तोडतं. टॉर्चनेही काहीच दिसलं नाही, तर दोष पॅनेलमध्ये, मदरबोर्डात किंवा दोन्हींच्या मधल्या टी-कॉन बोर्डात असू शकतो. त्यातलं नेमकं काय, हे दुकानात उभं राहून सांगता येत नाही. असा टीव्ही मी पॅनेल गेलेलाच धरतो. दुकानदाराला किरकोळ वाटत असेल, तर त्याने आधी दुरुस्त करून दाखवावा.

पडदा काळा नसेल तर काम जास्त बारकाईचं असतं, कारण तिथे चकवा जास्त. दुकानात नेहमी रंगीबेरंगी, झगमगीत डेमो व्हिडिओ लावलेला असतो. समुद्र, फुलं, पोपट. त्यात कुठलाही डाग लपतो. घरून पेन ड्राइव्हवर पूर्ण पांढरं, राखाडी, लाल, हिरवं, निळं आणि काळं अशी साधी चित्रं घेऊन जा. टीव्ही स्मार्ट असेल तर यूट्यूबवरही मिळतात. पांढऱ्या आणि राखाडी रंगावर बॅकलाइट उघडा पडतो. एखादा भाग मंद दिसला तर तिथला एलईडी मंदावलेला, किंवा तुटण्याऐवजी शॉर्ट होऊन विझलेला, म्हणून बाकीची साखळी चालू राहते. उलट एखादा गोल ठिपका भगभगीत दिसला, तर एलईडीवरचं प्लॅस्टिकचं भिंग उष्णतेने गोंद सुटून पडलेलं. सगळा पडदा निळसर-जांभळा दिसत असेल, तर एलईडी जळत आले आहेत. निळ्या एलईडीला पांढरा करणारा पिवळा लेप उष्णतेने उतरत जातो, म्हणून हा रंग येतो. पुष्कळ लोक याला "पॅनेलचा रंग गेला" म्हणतात आणि चांगला टीव्ही सोडून देतात. पट्ट्या बदलल्या की तो पुन्हा पांढरा होतो.

लाल, हिरव्या आणि निळ्या रंगावर पॅनेल तपासायचं. एकाच रंगावर उठून दिसणारी बारीक रेघही तिथे सुटत नाही. रेघ दिसली तर टीव्हीचाच सेटिंगचा मेनू उघडा. मेनूवरूनही रेघ तशीच जात असेल तर डिश, केबल, सेट-टॉप बॉक्स यांचा काही संबंध नाही. उभ्या रेघा बहुतेक काचेच्या कडेला चिकटवलेल्या पातळ फितीमुळे येतात. कारागीर तिला कॉफ म्हणतात आणि ती चिकटवण्याच्या कामाला बाँडिंग. फ्रेमच्या कडेवर बोटाने अगदी हलका दाब दिल्यावर रेघ कमी-जास्त झाली, तर फीत सुटत आली आहे, हे नक्की.

आपल्या भागात हे जास्त बघावं लागतं. खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातले कपडे दमट होतात. तशा घरातून आलेल्या टीव्हीत ओल या फितींच्या जोडापर्यंत पोचते. त्यात कुणी पडद्यावर पाणी फवारून पुसलं असेल, तर ते ओघळून खालच्या फ्रेममध्ये साचतं. म्हणून खालच्या कडेला, दोन्ही कोपऱ्यांत टॉर्च मारून पांढरे डाग, गंज किंवा सुकलेल्या पाण्याच्या खुणा दिसतात का ते बघा. मी तरी अशी खूण असलेला टीव्ही, चित्र स्वच्छ असलं तरी, घेणार नाही.

मावसभावासाठी बेळगावातल्या एका दुकानात बत्तीस इंची बघत होतो, तेव्हा योगायोगाने दोन्ही नमुने शेजारीशेजारी होते. दोन्हींची किंमत चार हजारांच्या आसपास. पहिल्यात पडद्याच्या मधोमध आडवा, धुरकट, काळसर पट्टा. दुसऱ्यात उजवीकडे बोटभर रुंद उभा पट्टा, तोही फिकट, बातम्या चालू असताना जेमतेम दिसेल एवढाच. दुकानदार म्हणाला, "हा दुसरा घ्या की दादा, याचं काय दिसतंय तरी?" भावालाही तोच पटला, कारण पहिला डोळ्यांना फार खराब वाटत होता.

राखाडी चित्र लावल्यावर पहिल्यातला पट्टा वरखाली विरत गेलेला दिसला, कड कुठेच नाही. एलईडीच्या आतल्या आडव्या पट्ट्यांपैकी मधली एक मंदावलेली. दुसऱ्यातल्या उभ्या पट्ट्याच्या दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. दोन्ही टीव्ही चालू ठेवून अर्धा तास थांबलो. पहिल्यात काहीच बदललं नाही. दुसरा जसा गरम झाला, तशा त्याच पट्ट्यात तीन-चार रंगीत रेघा उमटल्या. गरम झाल्यावर जोड प्रसरण पावतो आणि सुटत आलेली फीत आणखी सुटते. थंड टीव्हीवर पाच मिनिटं बघून पैसे दिले असते, तर या रेघा घरी गेल्यावर दिसल्या असत्या.

तरी पहिला आम्ही तसाच उचलला नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बत्तीस इंचीच्या पट्ट्यांचा सेट स्वस्त असतो, पण त्या बसवायला काच उचलून बाजूला ठेवावी लागते. ती काच अगदी पातळ असते आणि तिच्या कडेला त्याच नाजूक फिती लोंबत असतात. हात जरा हलला की काच तडकते किंवा फीत फाटते, आणि बॅकलाइटचा बिघाड तिथल्या तिथे पॅनेलचा होतो. टीव्ही जितका मोठा, तितका हा धोका मोठा. म्हणून "स्वस्तात घेऊ, गावात पट्ट्या बदलून घेऊ" हा हिशेब करू नका. दुरुस्ती दुकानदाराच्या जोखमीवर होऊ दे. आम्ही त्याला पाचशे रुपये जास्त कबूल केले आणि काम झाल्यावर बघायला येतो म्हटलं.

परत बघायला गेल्यावर पुन्हा पांढरं चित्र लावायचं. एकच पट्टी बदलली असेल तर तेवढा भाग जास्त लख्ख दिसतो आणि वरखालचा पिवळट किंवा निळसर. जुन्या पट्ट्यांचं आयुष्यही तेवढंच झालेलं असतं, त्या मागोमाग जातात. पूर्ण सेट बदलला का, असं स्पष्ट विचारा. सेटिंगमध्ये बॅकलाइट किती ठेवला आहे तेही बघा. काही जण दोष झाकायला तो अगदी खाली आणून ठेवतात. एकदा शंभरवर नेऊन बघा, एकदा वीसवर. शंभरवर लुकलुकत असेल तर काम कच्चं आहे. घरी मात्र साठ-सत्तरवर ठेवा, एलईडी कमी तापतात आणि जास्त टिकतात.

पॅनेललाही तात्पुरता इलाज करून विकतात, हे माहीत असावं. काचेच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या सिग्नलपैकी बिघडलेल्या बाजूची लाइन टेप लावून किंवा कापून बंद करतात. चित्र परत येतं, पण एकाच बाजूने चालतं. ओळखायचं असेल तर पांढऱ्यावर काळी अक्षरं असलेलं चित्र लावून दोन्ही टोकं बघा. एका टोकाला अक्षरांमागे सावली ओढल्यासारखी दिसली तर संशय घ्या. हा इलाज किती दिवस टिकेल, ते कारागीरही सांगू शकत नाही.

नवा पण स्वस्तातला टीव्ही घेतानाही हीच चित्रं न्या. कमी किमतीच्या टीव्हीत पट्ट्यांवर मोजके एलईडी असतात आणि उजेड पुरावा म्हणून ते जोरात चालवलेले असतात, त्यामुळे राखाडीवर ढग दिसणं नवल नाही. थोडे चालतील. रेघ किंवा धारदार पट्टा मात्र नव्यात एकही चालवून घेऊ नका. वॉरंटी कार्डावर पॅनेल किती महिने धरलं आहे ते वेगळं वाचा, टीव्हीची आणि पॅनेलची मुदत नेहमी सारखी नसते.

बिलावर "वॉरंटी पंधरा दिवस" एवढंच लिहून घेऊ नका. "बॅकलाइट आणि पॅनेलवर रेघ आल्यास बदलून देणे" असं लिहून घ्या. टीव्ही नेताना उभाच न्यावा. सीटवर किंवा टेम्पोत आडवा टाकला तर खड्ड्यांत काचेला मधून झोल बसतो. दुचाकीवर दोघांच्या मधे धरायचा असेल, तर पडद्याची बाजू मागे बसणाऱ्याच्या गुडघ्याकडे येऊ देऊ नका. घरी पोचल्यावर लगेच एकदा राखाडी चित्र लावून अर्धा तास चालू ठेवा, म्हणजे वाटेत काही झालं असेल तर त्याच दिवशी दुकानदाराला सांगता येईल.