रंगीत उजेडातला बसवलेला चेहरा: ‘रंग जुळवणे’ या शब्दाची पार्श्वभूमी

सांगलीत लग्नाच्या अल्बमचे काम करणारे ज्याला ‘चेहरा बसवणे’ म्हणतात, त्या कामातला सर्वांत अवघड प्रसंग संगीताच्या रात्रीच्या फोटोंत येतो. समूहफोटोत एकीचे डोळे मिटलेले असतात, तिचाच चांगला चेहरा सकाळच्या हळदीच्या फोटोत मिळतो, आणि तो बसवल्यावर गुलाबी-जांभळ्या स्टेजवर तेवढाच भाग दिवसाउजेडी उभा असल्यासारखा दिसतो. हा फरक मिटवण्याच्या कामालाच ‘रंग जुळवणे’ म्हणतात.

रंगीत उजेड त्वचेवर कसा वागतो, हे जुने ज्ञान आहे. लाल रंगाला न जुमानणाऱ्या सुरुवातीच्या फिल्मवर ओठ काळपट येत, म्हणून नटांची रंगभूषा वेगळी करावी लागे. त्वचा आणि ओठ दोन्ही लाल प्रकाश भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे निव्वळ लाल उजेडात ओठांची कड पुसट होते. हिरव्या किंवा निळ्या उजेडात मात्र ओठ गडद होतात आणि डाग उठून दिसतात. पूर्वी स्टेजवरच्या दिव्यांपुढे जिलेटीनचे कागद लावत, त्यातून इतर रंगांचाही थोडा प्रकाश येई. आताच्या एलईडी पारलाइटचा, म्हणजे स्टेजवरच्या रंगीत दिव्याचा, एकेक रंग वर्णपटाच्या अरुंद पट्ट्यातला असतो, म्हणून हा परिणाम आता अधिक तीव्र झाला आहे.

संगणकीय बाजूची सुरुवात 2001 मध्ये मांडलेल्या एका पद्धतीपासून धरता येते. उजेड आणि रंग वेगळे मोजणाऱ्या रंगमापनात एका चित्रातल्या आकड्यांची सरासरी व त्यांचा विस्तार दुसऱ्या चित्राशी जुळवायचा, एवढाच तिचा गाभा. 2003 मध्ये कडेपासून आत रंग पसरवून जोड लपवण्याची पद्धत आली; 2008 मध्ये मोठ्या संग्रहातून मिळत्याजुळत्या प्रकाशातला चेहरा निवडून तो आपोआप बसवण्याचे काम प्रसिद्ध झाले; आणि 2017 च्या अखेरीनंतर चेहराबदल घरच्या संगणकावर पोहोचला. त्यानंतरच्या एका लोकप्रिय साधनात 2001 ची तीच पद्धत `rct` या नावाने पर्यायांच्या यादीत बसली, आणि ‘रंग जुळवणे’ म्हणजे ‘सरासरी जुळवणे’ असा अर्थ सहज घेतला जातो.

माझ्या मते खरी गफलत याच अर्थात आहे. उजेड हा चेहऱ्यात मिसळलेला रंग नाही. प्रत्येक बिंदूच्या परावर्तनाला तो गुणतो. फोटोच्या आकड्यांची नुसती सरासरी सरकवणे म्हणजे बेरीज-वजाबाकी, आणि सौम्य उजेडात दोन्हींचा फरक खपून जातो, पण पारलाइटखाली खपत नाही.

फोटोतला प्रत्येक बिंदू लाल, हिरवी आणि निळी अशा तीन वाहिन्यांत 0 ते 255 या आकड्यांनी नोंदलेला असतो; एक उदाहरण फक्त हिरव्या वाहिनीपुरते पाहू. हळदीच्या फोटोत गालाचा हिरवा आकडा 150 आहे आणि स्टेजवर त्याच गालाचा 40. वजाबाकी केली, तर सगळीकडून 110 कमी होतात: डोळ्याचा पांढरा भाग 220 वरून 110 वर येतो, आणि नाकाखालच्या सावलीचा 75 हा आकडा शून्याखाली जाऊन सपाट होतो. आता हेच आकडे आधी गॅमा, म्हणजे फोटो साठवताना आकड्यांना दिलेला वक्र, काढून प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात आणले, तर गालावरचा हिरवा प्रकाश मूळच्या सुमारे 7 टक्केच उरल्याचे दिसते. त्या गुणकाने गुणून गॅमा परत लावल्यास डोळ्याचा पांढरा भाग 63 च्या आसपास आणि सावली 15 च्या आसपास येते. म्हणजे डोळा फिकट न राहता भोवतीच्या उजेडासारखाच ठळक गुलाबी होतो आणि सावलीतला तपशीलही उरतो. लाल उजेडात ओठ पुसट होणेही या गुणाकारातून आपसूक साधते, कारण हिरवी आणि निळी वाहिनी जवळजवळ विझून फक्त लाल उरते.

एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळा पारलाइट असेल, तर एकच गुणक पुरत नाही. सरासरी घेतल्यास सगळा चेहरा जांभळा होतो. अशा वेळी मूळ फोटोतला मिटल्या डोळ्यांचा चेहराच उपयोगी पडतो: तो आणि बसवलेला चेहरा दोन्ही बरेच धूसर करून त्यांचे गुणोत्तर बिंदूगणिक काढायचे आणि त्यानेच गुणायचे. मात्र दोन्ही चेहऱ्यांची मान सारखी वळलेली हवी. कृष्णेच्या घाटावर सूर्यास्ताला काढलेल्या फोटोलाही हीच रीत लागते, कारण उन्हाची बाजू नारिंगी असली, तरी सावलीच्या बाजूवर आकाशाचा निळा उजेड असतो. 2003 ची कडेपासून रंग ओढणारी पद्धत इथे धोक्याची ठरते, कारण हनुवटीजवळ काळा माइक असला, तर त्याचा काळेपणा गालात शिरतो.

एक मर्यादा कोणत्याही पद्धतीने ओलांडता येत नाही. गालावर लाल वाहिनी 255 ला टेकली असेल, तर तिथे खरा प्रकाश किती होता याची नोंदच फोटोत नसते, म्हणून गुणक विश्वासार्ह राहत नाही. अशा वेळी तो मानेवरून किंवा कानाच्या पाळीवरून, म्हणजे न जळलेल्या त्वचेवरून घ्यावा, आणि बसवलेला गालही मुद्दाम तेवढाच जळू द्यावा. भोवतालच्या सपाट लाल त्वचेत एकच तपशीलवार गाल दिसला, की जोड उघड होतो. तपासताना रंगीत फोटोकडे बघत बसण्याऐवजी तिन्ही वाहिन्या एकेक करून करड्या रंगात पाहाव्यात. चूक बहुधा सर्वांत अंधाऱ्या वाहिनीत, जबड्याच्या रेषेवर, फिकट पट्ट्याच्या रूपात सापडते.