अर्जनक्षमता, भावी (मत्ता म्हणून)

व्यक्तीला उरलेल्या नोकरी-व्यवसायातून मिळणाऱ्या कमाईचे आजचे मूल्य काढून ते तिच्या मालमत्तेत धरण्याची रीत. तरुण व्यावसायिकाने आपल्या बचतीचा किती हिस्सा शेअरबाजारासारख्या जोखमीच्या ठिकाणी ठेवावा, हे ठरवताना तिचा आधार घेतात. अर्थशास्त्रात या मूल्याला मानवी भांडवल म्हणतात. विमाव्यवसायात मानवी जीवनमूल्य हा शब्द रूढ आहे. दोन्हींचा हिशेब जवळजवळ सारखा असला तरी हेतू वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत नेहमी होते.

कल्पनेचा उगम कोणाकडे द्यावा याबद्दल एकमत नाही. सतराव्या शतकात विल्यम पेटीने इंग्लंडच्या लोकसंख्येचे मूल्य तिच्या श्रमाच्या उत्पन्नावरून मांडले होते, परंतु त्याचा रोख राष्ट्राच्या संपत्तीवर होता. ॲडम स्मिथने (१७७६) माणसाने कमावलेल्या कौशल्याला स्थिर भांडवलात जागा दिली. वयानुसार एका माणसाच्या भावी कमाईचे वर्तमान मूल्य काढण्याचे श्रेय बहुधा विल्यम फारला (१८५३) द्यावे लागेल. त्याने कमाईतून माणसाचा स्वतःचा निर्वाहखर्च वजा केला. ही वजाबाकी आजही वादाचा विषय आहे. विम्यासाठी ती रास्त दिसते, कारण मृताचा खर्च थांबतो. जोखीम ठरवताना मात्र जिवंत माणसाच्या चैनीला कात्री लागू शकते. म्हणून शैक्षणिक कर्जाचे हप्ते, आईवडिलांचा सांभाळ असे न टळणारे खर्चच वजा करणे अधिक पटते.

गुंतवणुकीशी सांधा जुळला तो बराच उशिरा. पॉल सॅम्युएल्सन आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९६९ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले, की विशिष्ट गृहीतकांखाली वय वाढले म्हणून शेअरचा हिस्सा घटवण्याचे कारण उरत नाही. ‘तरुणाला वेळ आहे, बाजार सावरतो’ हे लोकप्रिय समर्थन त्यामुळे लंगडे पडते. मात्र या मांडणीत पगार नव्हता. मर्टनने १९७१ मध्ये तो धरला, आणि बोडी, मर्टन व सॅम्युएल्सन यांच्या १९९२च्या लेखात तरुणाला अधिक काम करून तोटा भरून काढता येतो, हाही मुद्दा आला. जगन्नाथन आणि कोचरलाकोटा यांनी (१९९६) सल्लागारांची नेहमीची कारणे तपासून मजुरी-उत्पन्नाचे तेवढे ग्राह्य ठरवले. आज जोखीम वयाशी जोडली जाते ती या आधाराने.

हिशेब एका कल्पित उदाहरणाने पाहू. सांगलीतील अनुदानित महाविद्यालयात कायम झालेली २८ वर्षांची प्राध्यापिका. कर व न टळणारे खर्च जाऊन वर्षाला ६ लाख रुपये, आणखी ३० वर्षे. पगार महागाईइतकाच वाढेल असे धरले. महागाई वगळून २ टक्के दराने या कमाईचे आजचे मूल्य सुमारे १ कोटी ३४ लाख होते. बँकेतील बचत ५ लाख. एकूण संपत्तीच्या २५ टक्के जोखमीत ठेवणे तिच्या स्वभावाला झेपते असे मानू. १ कोटी ३९ लाखांच्या २५ टक्के म्हणजे जवळजवळ ३५ लाख; हाताशी मात्र ५. म्हणजे हिशेबाने सगळी बचत शेअरमध्ये जावी. ४८व्या वर्षी उरलेल्या दहा वर्षांच्या कमाईचे मूल्य ५४ लाखांवर येईल. तोवर बचत ४० लाख झाली असेल, तर शेअरचा वाटा साडेतेवीस लाख, म्हणजे बचतीच्या ५९ टक्के. निवृत्तीच्या दिवशी तो २५ टक्क्यांवर उतरतो. उतरण वयामुळे नाही, पगाराचा साठा आटल्यामुळे आहे.

यावर मुख्य आक्षेप असा, की २ टक्के दर लावून कमाई रोख्यासारखी खात्रीची धरली, पण ती तशी आहे हे कोणी ठरवले? दर ८ टक्के धरला तर तिचे मूल्य साडेसदुसष्ट लाख होते, पण २५ टक्के तरीही १८ लाख. निष्कर्ष हलत नाही. तो हलतो कमाईतच शेअरबाजाराचा अंश असला तर. याच साडेसदुसष्ट लाखांपैकी ३० टक्के बाजारासोबत वरखाली होत असेल, तर सव्वावीस लाखांची जोखीम तिने आधीच उचलली आहे आणि शेअरसाठी जागाच उरत नाही. बेन्झोनी व सहलेखकांनी (२००७) दीर्घकाळात मजुरी आणि लाभांश एकत्र वाहतात असे धरून तरुणाने शेअर टाळावेत, इथपर्यंत निष्कर्ष नेला. हा अंश किती, हे प्रत्येक पेशाला वेगळे तपासावे, असे मत येथे अधिक ग्राह्य वाटते. साताऱ्याहून पुण्यात जाऊन संगणक-कंपनीत लागलेल्या, आणि पगाराचा भाग त्याच कंपनीच्या शेअरमध्ये घेणाऱ्या अभियंत्याला प्राध्यापिकेचा हिशेब लावता येत नाही.

सांगली-तासगाव पट्ट्यात तिसराच प्रकार आढळतो. ज्याचे अशील बेदाणा व्यापारी, हळदीचे अडते आणि शीतगृहवाले आहेत, असा तरुण सनदी लेखापाल घेऊ. द्राक्षावर दावण्या रोग पडला, किंवा शेडवर बेदाणा वाळत असताना अवकाळी पाऊस आला, की फी थकते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात शहराचा व्यापारच थांबला होता. त्याची कमाई डळमळीत आहे, पण मुंबईच्या निर्देशांकाशी तिचे नाते कच्चे. तेव्हा त्याने आधी आठ-दहा महिन्यांचा खर्च रोख ठेवावा. त्यापुढची रक्कम देशभर व्यवसाय पसरलेल्या कंपन्यांच्या निर्देशांक-फंडात घालणे त्याला त्या मानाने कमी धोक्याचे. व्यवहारात घडते उलटे. शेअर म्हणजे जुगार समजून पैसा सांगलीच्याच विश्रामबागेतल्या प्लॉटमध्ये किंवा अशिलाच्याच शीतगृहातील भागीदारीत जातो. पीक बुडाले की फी, प्लॉटचे गिऱ्हाईक आणि भागीदारीचा नफा एकदमच आटतात. असा धोका ओळखण्यासाठी सोपी कसोटी अशी: मागच्या वाईट हंगामात कमाई घटली, त्याच महिन्यांत ही मालमत्ता विकायला काढली असती तर गिऱ्हाईक मिळाले असते का?

भावी कमाई या मत्तेची मोठी मर्यादा म्हणजे ती विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. बँक प्राध्यापिकेला १ कोटी ३४ लाखांवर कर्ज काढून शेअर घेऊ देणार नाही, आणि हिशेबातले ३५ लाख त्यामुळे ५ लाखांवरच अडतात. (लग्नाच्या बाजारात मात्र ‘मुलगा नोकरीला आहे’ या तीन शब्दांवर हे मूल्य बिनदिक्कत मोजले जाते.) अपघात किंवा अकाली मृत्यूने ती एका दिवसात शून्य होते, मुदत विमा त्यासाठी. अपंगत्वाचे संरक्षण स्वतंत्रपणे पाहावे लागते आणि त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

भारतात राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या स्वयंचलित पर्यायात ही कल्पना अप्रत्यक्षपणे उतरलेली दिसते: मध्यम पर्यायात ३५ वर्षांपर्यंत ५० टक्के शेअर, पुढे दरवर्षी २ टक्के घट आणि ५५व्या वर्षी १० टक्के. हे कोष्टक केवळ वय विचारते. प्राध्यापिका, अभियंता आणि लेखापाल तिघांनाही ते एकच उत्तर देते.