शिप आणि शीप: फरक फक्त लांबीचा?

इंग्रजीतल्या ship आणि sheep या शब्दांबद्दल असं सांगितलं जातं: “शिप आखूड म्हणा, शीप ताणून म्हणा, झाला उच्चार बरोबर.”

लांबी वेगळी असते खरी, पण मुख्य फरक जिभेच्या जागेचा आहे. शीप म्हणताना जीभ वर आणि पुढे जाते, ओठ थोडे फाकतात. शिपसाठी ती किंचित खाली आणि मागे येते, ओठ सैल राहतात. मराठीत ह्रस्व-दीर्घ इ जवळपास एकाच जागी उच्चारतो, म्हणून आपलं शिप इंग्रजी कानाला आखडलेलं शीप वाटतं.

हे तपासता येतं. इंग्रजी शब्दकोशातले beat म्हणजे बीट आणि bid म्हणजे बिड हे उच्चार ऐका. शेवटच्या टमुळे बीटचा स्वर आखडतो, डमुळे बिडचा लांबतो. लांबी जवळपास सारखी होते, तरी स्वर वेगळेच ऐकू येतात.

सरावासाठी दहा चिठ्ठ्या करा, पाच शिप, पाच शीप, आणि त्या पिसा. एकाने तोंड झाकून वाचावं, दुसऱ्याने ऐकलेला शब्द लिहावा. पाचच्या आसपास बरोबर आले तर तो निव्वळ अंदाज. आलटूनपालटून वाचलं तर कान क्रम ओळखतो, स्वर नाही. नऊ जमले की मुद्दाम शिप ताणून वाचा. तरीही ते शिपच ऐकू आलं पाहिजे.