घट्ट कंबर १९४७ च्या आधीची

‘घट्ट कंबर आणि घेरदार स्कर्टचा न्यू लूक फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियान दिओरने १९४७ मध्ये शून्यातून निर्माण केला ना?’

नाही. पॅरिसमध्ये कंबर आवळणारं अंतर्वस्त्र, म्हणजे कॉर्सेट, आणि बारीक कंबर १९३९ मध्येच परतली होती. डिझायनर मेनबोशेचं त्या वर्षीचं कॉर्सेट हॉर्स्टच्या छायाचित्रामुळे आजही ओळखीचं आहे. मग युद्ध आलं, कापडावर नियंत्रण बसलं आणि ही चाल थांबली. दिओरने १२ फेब्रुवारी १९४७ ला ती पुढे नेली, आणि माझ्या मते त्याचं खरं श्रेय शिवणीत आहे.

त्याचा ‘बार’ सूट पाहा. रेशमी जाकिटाला नितंबांवर आतून भरण दिलेलं आहे, त्यामुळे कंबर आहे त्याहून बारीक दिसते. खाली काळ्या लोकरीचा, चुण्यांचा भारी स्कर्ट. म्हणजे आकार निम्मा तरी कपड्याच्या आतच घडवलेला होता.

म्हणून जुन्या फोटोचं साल नुसत्या कंबरेवरून ठरवू नका. खांदे रुंद, चौकोनी आणि दिवसाच्या पोशाखाचा स्कर्ट गुडघ्यापर्यंत असेल तर तो बहुधा १९४७ पूर्वीचा. खांदे उतरते, गोलसर आणि स्कर्ट पोटऱ्यांखाली गेलेला असेल तर नंतरचा.