क्लिक नेमका कधी करायचा? (क्लिकर घरी नेणाऱ्यांसाठी)

पहिल्या भेटीनंतर आम्ही तुमच्या हातात एक छोटीशी डबी देतो. बटण दाबलं की आतली धातूची पट्टी वाकते आणि "टिक-टक" असा कोरडा आवाज येतो. हा क्लिकर. बरेच जण तो कुत्र्याला बोलवायला वापरतात, काही जण गप्प करायला. तो या दोन्हींसाठी नाही. क्लिकचा अर्थ एकच: "आत्ता, या क्षणी जे केलंस त्याचा खाऊ मिळणार आहे."

१९४०च्या दशकात केलर आणि मेरियन ब्रेलँड या अमेरिकन जोडप्याने, म्हणजे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या विद्यार्थ्यांनी, अशा आवाजांवर प्राणी शिकवायला सुरुवात केली. पुढे डॉल्फिनसाठी तेच काम शिट्टीने झालं. तलावाच्या मध्यावर उडी मारणाऱ्या डॉल्फिनच्या तोंडात त्याच क्षणी मासा कसा देणार? शिट्टी मात्र त्या क्षणाला गाठते, मासा मागून आला तरी चालतो. तुमच्या कुत्र्याचंही तसंच आहे. तुम्ही पिशवीत हात घालून खाऊ काढेपर्यंत त्याने आणखी तीन गोष्टी केलेल्या असतात.

आधी या आवाजाला अर्थ यायला हवा. शांत खोलीत क्लिक करा आणि लगेच वाटाण्याएवढा मऊ खाऊ द्या. असं दहा-पंधरा वेळा करा, त्यात कुत्र्याने काहीही करायची गरज नाही. मग तो दुसरीकडे बघत असताना एकदा क्लिक करून पाहा. झटकन मान वळवून खाऊ शोधू लागला, तर आवाज त्याला कळला. दचकला किंवा मागे सरकला, तर डबी जाड कापडात गुंडाळा, नाहीतर क्लिकऐवजी एखादा छोटा शब्द ठरवा. शब्द चालतो, फक्त तो दरवेळी एकाच सुरात यायला हवा. आपल्या आवाजात मूड उतरतो, डबीच्या नाही.

आता वेळेचं बघू, कारण घरी जाऊन सगळं बिघडतं ते इथेच. क्लिक ती कृती घडत असतानाच व्हायला हवा, फार तर अर्ध्या सेकंदात. "बस" शिकवताना कुत्र्याचं ढुंगण जमिनीला टेकतं तो क्षण पकडायचा. एका सेकंदाने उशीर झाला तर काय होतं, ते आमच्याकडे आलेल्या एका लॅब्राडॉरमध्ये स्पष्ट दिसलं. मालकांची तक्रार होती की तो बसतो आणि स्प्रिंगसारखा लगेच उठतो. "हट्टी आहे हो," असं ते म्हणाले. फोनवर काढलेला व्हिडिओ हळू गतीने पाहिला, तेव्हा कुत्रा बसत होता, मालक "शाब्बास" म्हणत होते, कुत्रा उठायला लागत होता आणि मग क्लिक होत होता. म्हणजे त्यांनी उठायलाच शिकवलं होतं, आणि कुत्रा ते चोख शिकला होता! क्लिक अर्धा सेकंद अलीकडे आणला आणि खाऊ बसलेल्या कुत्र्याच्या तोंडापाशी खाली द्यायला लागलो, तसा तो बसून राहू लागला. खाऊ कुठे देता यालाही महत्त्व आहे, कारण कुत्र्याची पुढची कृती तिथूनच सुरू होते.

दुसरी चूक हाताची. क्लिक होण्याआधीच हात खाऊच्या पिशवीकडे गेला, तर कुत्रा हाताकडे बघायला शिकतो आणि आवाज निरर्थक होतो. कुत्र्याची नजर सतत पिशवीवर खिळलेली दिसली तर हेच चाललंय असं समजा. हात स्थिर ठेवा, क्लिक करा, मगच हात हलवा. क्लिक चुकून झाला तरीही खाऊ द्यायचाच. आवाजाचा भरवसा गेला तर परत बसवायला वेळ लागतो.

सरावासाठी कुत्रा दूर ठेवा. कुणालातरी चेंडू टाकायला सांगा आणि तो जमिनीला टेकताक्षणी क्लिक करा. पहिल्या दिवशी बहुतेकांचा क्लिक चेंडूच्या दुसऱ्या उसळीला येतो. आमचाही यायचा.

आता शिक्षेबद्दल, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. "एकदा जोरात झटका दिला तर लवकर नाही का शिकणार?" आमच्याकडे येणारी नेहमीची केस घ्या: फिरायला नेताना दुसरा कुत्रा दिसला की आपला कुत्रा भुंकत झेपावतो. मालक लीशला झटका देतात आणि ओरडतात. मालकाच्या हिशेबाने शिक्षा भुंकण्याची आहे. कुत्र्याच्या हिशेबाने दुसरा कुत्रा दिसला आणि मान दुखली. आधीच तो घाबरलेला असेल, तर आता घाबरायला आणखी एक कारण मिळालं. पुढच्या वेळी तो लांबूनच भुंकायला लागतो.

कधीकधी भुंकणं खरंच थांबतं, आणि आम्हाला त्याचीच जास्त काळजी वाटते. गुरगुरणं ही सूचना असते. गुरगुरल्यावर मार मिळत गेला तर कुत्रा सूचना देणं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. मग "काही कारण नसताना अचानक चावला" असा फोन येतो.

उशिरा केलेल्या शिक्षेचं तर काहीच खरं नाही. घरी आल्यावर फाटलेली उशी दाखवून रागावलात, कुत्र्याने कान पाडले, की "त्याला चूक कळते" असं वाटतं. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये हे तपासलं. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरं तर कधी खोटं सांगितलं गेलं. तो "अपराधी" चेहरा खाण्याशी जुळला नाही, मालकाच्या रागावण्याशी जुळला. काही न केलेल्या कुत्र्यांनीही ओरडा बसल्यावर तोच चेहरा केला.

मग झेपावणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं? आधी अंतर वाढवा. दुसरा कुत्रा दिसतो, पण आपला कुत्रा अजून खाऊ घेऊ शकतो इतकं लांब राहा. एरवी आवडणारा खाऊ त्याने नाकारला तर तुम्ही फार जवळ आहात, मागे फिरा. त्याने दुसऱ्या कुत्र्याकडे पाहताक्षणी, भुंकण्याआधी, क्लिक करून खाऊ द्या. काही दिवसांत तो पाहील आणि स्वतःहून तुमच्याकडे वळेल. तसं होऊ लागलं की क्लिक त्या वळण्यावर न्या, आणि मगच दोन-चार पावलं जवळ जा. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत. भुंकलाच, तर क्लिक नको आणि झटकाही नको, फक्त लांब जा.

कुत्रा कधीच चिडत नसताना अचानक चिडू लागला, तर आधी पशुवैद्यांना दाखवा. दुखणाऱ्या कानावर किंवा कंबरेवर क्लिकरचा उपाय नाही.

पुढच्या भेटीला येताना घरच्या सरावाचे दोन छोटे व्हिडिओ आणा. ते बाजूने काढलेले हवेत, तुमचा हात आणि कुत्रा दोन्ही दिसतील असे.