दमट हवेत पूलचं पाणी उडत नाही?

"कोकणात हवा एवढी दमट, पाणी उडणार कुठून? पूलची पातळी उतरली म्हणजे गळतीच!"

आर्द्रतेचा टक्का इथे फसवतो. पाणी किती उडेल हे ठरतं ते पाण्याला लागून असलेल्या हवेतली वाफ आणि वरच्या हवेतली वाफ यांच्या फरकावर.

जानेवारीतली रत्नागिरीची रात्र धरा. हवा २० अंश, आर्द्रता ८० टक्के, आणि रिसॉर्टवाल्याने १० बाय ५ मीटरचा पूल २८ अंशांवर ठेवलाय. पाण्यालगत घनमीटरला २७.२ ग्रॅम वाफ, हवेत १३.८. फरक १३.४ ग्रॅम. वारा सेकंदाला २ मीटर असेल तर उष्णता जशी वाहून जाते तशीच वाफही, या साधर्म्यावरून वाफेच्या वहनाचा गुणांक सेकंदाला साधारण ६ मिलिमीटर निघतो. म्हणजे ५० चौरस मीटरवरून सेकंदाला ४ ग्रॅम, दहा तासांत जवळपास १४५ लिटर. पातळी ३ मिलिमीटरने खाली!

खरा खर्च उष्णतेचा. ग्रॅममागे २.४३ किलोज्यूल, म्हणजे १० किलोवॉट नुसत्या बाष्पीभवनात. थंड हवेला थेट जाणारे अडीच वेगळे, मोकळ्या आभाळाकडे जाणारे आणखी निराळे. रात्री आच्छादन टाकलं तर हा मोठा वाटा जवळजवळ थांबतो.

पावसाळ्यात ३० अंश, ९० टक्के हवेत मात्र हाच २८ अंशांचा पूल जवळपास काहीच गमावत नाही.

गळतीची शंका असेलच तर पूलच्याच पाण्याने भरलेली बादली पायरीवर, अर्धी पाण्यात ठेवा. सकाळी पूल बादलीपेक्षा जास्त उतरला असेल, तरच प्लंबरला बोलवा.