विदारण : कायिक, रासायनिक आणि गोलाभ

भूपृष्ठावरील किंवा त्यालगतचा खडक जागच्या जागी फुटणे, सुटा होणे वा कुजणे याला विदारण म्हणतात. सुटा झालेला माल नदी, वारा किंवा हिमनदी यांनी वाहून नेणे ही क्षरणाची वेगळी प्रक्रिया असून तिचा विदारणात समावेश होत नाही. खडकाची खनिजे तीच राहून त्याचे केवळ तुकडे होत असतील तर ते कायिक विदारण होय. मूळ खनिजे नाहीशी होऊन त्यांच्या जागी नवी खनिजे तयार होत असतील तर ते रासायनिक विदारण होय. ही विभागणी अभ्यासाला सोयीची आहे, पण प्रत्यक्ष खडकात ती फार काळ टिकत नाही. ग्रॅनाइट आणि बेसाल्ट यांचे ठोकळे कुजत कुजत गोलसर धोंडे बनतात, त्या गोलाभ विदारणावरून हे चांगले ध्यानात येते.

कायिक विदारणाला खडकात ताण निर्माण करणारे कारण लागते. फटीतले पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि फट रुंदावते. हिमालयाच्या उंच उतारांवर याचा प्रभाव मोठा आहे, तर दख्खनच्या पठारावर तो जवळजवळ नाही. खोल जागी दाबाखाली घडलेल्या ग्रॅनाइटवरचा भार क्षरणाने कमी झाला की खडक प्रसरण पावतो आणि पृष्ठभागाला समांतर असे जाड थर सुटू लागतात. दिवसाच्या उष्णतेने आणि रात्रीच्या गारव्याने खडक फुटतो, असे पूर्वी सरसकट मानले जाई. १९३६ मध्ये भूवैज्ञानिक ग्रिग्ज यांनी ग्रॅनाइटचा घोटलेला तुकडा ८९,४०० वेळा कोरडा तापवला आणि थंड केला. दिवस-रात्रीच्या हिशेबाने हा काळ २४४ वर्षांचा होतो, तरी तुकड्यात दिसण्याजोगा बदल झाला नाही. तुकडा थंड करताना पाण्याचा फवारा वापरल्यावर मात्र अडीच वर्षांइतक्या आवर्तनांतच त्याची झिलई गेली आणि भेगा दिसू लागल्या. लहान, मोकळ्या तुकड्यावरचा हा प्रयोग मोठ्या कातळाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. पण पाण्यावाचून केवळ तापमानाच्या फरकाने फारसे साधत नाही, हे त्यातून दिसले.

रासायनिक विदारणात पाणी हेच मुख्य साधन असते. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून अधिक मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य आम्ल बनते. ते फेल्स्पारमधील पोटॅशियम, सोडियम आणि कॅल्शियम काढून नेते आणि मागे चिकणमातीची खनिजे उरतात. लोहयुक्त खनिजांमधील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन खडकाला तांबूस-पिवळा रंग येतो. जी खनिजे लाव्हा किंवा शिलारस थंड होताना अधिक तापमानाला स्फटिकरूप होतात ती साधारणपणे आधी कुजतात, हा क्रम भूवैज्ञानिक गोल्डिच यांनी १९३८ मध्ये मांडला. त्यानुसार ऑलिव्हीन सर्वांत आधी आणि क्वॉर्ट्‌झ सर्वांत शेवटी बदलते. ग्रॅनाइट आणि बेसाल्ट यांच्या विदारणातील फरकाचे मूळ येथेच आहे.

गोलाभ विदारणाची सुरुवात खडकातील सांध्यांपासून, म्हणजे नैसर्गिक भेगांपासून होते. परस्परांना छेदणाऱ्या सांध्यांनी खडकाचे चौकोनी ठोकळे पडलेले असतात आणि पाणी या सांध्यांतूनच आत शिरते. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर त्याचा परिणाम एका दिशेने होतो, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. त्यामुळे कोपरे सर्वांत आधी कुजतात, त्यानंतर कडा, आणि मधला ताजा भाग हळूहळू गोल होत जातो. सांधे जितके जवळजवळ, तितका एका घनमीटर खडकाचा उघडा पृष्ठभाग जास्त. एक मीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस मीटर असते. त्याचेच दहा सेंटिमीटर बाजूचे हजार घन केले तर ते ६० चौरस मीटर होते. कायिक फुटणे रासायनिक कुजण्याला वाट करून देते, ते असे.

कोपरे गोल होणे एवढ्यानेच कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे मात्र तयार होत नाहीत. त्यासाठी आकारमान वाढावे लागते. ऑक्सिजन पाण्याबरोबर खडकात काही अंतर झिरपतो आणि लोहाचे ऑक्सिडीकरण होते. ग्रॅनाइटसारख्या खडकात कृष्णाभ्रक या ऑक्सिडीकरणाने फुगते, तर बेसाल्टमध्ये लोहयुक्त खनिजे आणि काच बदलून चिकणमाती तयार होते. बाहेरचा बदललेला भाग फुगू पाहतो, आतला ताजा भाग त्याला धरून ठेवतो. हा ताण खडकाच्या सहनशक्तीपलीकडे गेला की पृष्ठभागाला समांतर भेग पडते आणि एक कवच सुटते. त्या भेगेतून पाणी आणखी आत जाते आणि पुढचे कवच घडू लागते. प्वेर्तो रिकोमधील क्वॉर्ट्‌झ-डायोराइट या ग्रॅनाइटसदृश खडकात अशा कवचांची जाडी सुमारे अडीच सेंटिमीटर आढळली आहे. ताण रासायनिक आणि भेग कायिक असल्यामुळे गोलाभ विदारण निव्वळ कोणत्याही एका खान्यात घालणे योग्य ठरत नाही, जरी क्रमिक पुस्तकांत ते पुष्कळदा तसे घातलेले दिसते.

ग्रॅनाइटमधील क्वॉर्ट्‌झ बदलत नसल्याने कवचे शेवटी भरड, वाळूसारख्या चुऱ्यात मोडतात. हा चुरा पावसाने वाहून गेला की मधले ताजे गाभे उघडे पडतात आणि एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे दिसतात. हंपीच्या परिसरातील धोंडे याचे परिचित उदाहरण आहे. ते कोणी आणून ठेवलेले नाहीत, तर भूपृष्ठाखाली सांध्यांना धरून आधीच गोल झालेले आहेत. महाराष्ट्रात नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणालगतच्या भागातही ग्रॅनाइटची अशी भूरूपे आढळतात.

बेसाल्टमध्ये क्वॉर्ट्‌झ जवळजवळ नसते, त्यामुळे कुजल्यावर उरतात ती बहुतांशी चिकणमातीची खनिजे आणि लोहाची ऑक्साइडे. घाटरस्त्यांच्या कापलेल्या भिंतींत पिवळसर मुरमात बसलेले काळे, टणक गोळे आणि त्यांच्याभोवती सहज सोलता येणारी कवचे दिसतात, ती याच विदारणाची अवस्था होय. दख्खनच्या बेसाल्टचे सगळेच थर सारखे वागत नाहीत. सघन बेसाल्टला सांधे भरपूर असल्याने त्यात गोळे उत्तम बनतात. पोकळ्या दुय्यम खनिजांनी भरलेल्या कुहरी बेसाल्टला सांधे कमी असल्याने तो बहुधा अखंड राहतो आणि कुजला तरी अशी कवचे कमी दाखवतो.

असे गोळे अनेकदा नदीने आणलेले गोटे समजले जातात. खूण अशी की नदीचे गोटे बहुधा निरनिराळ्या खडकांचे असतात, त्यांना कवचे नसतात आणि त्यांच्यामधला माल वाळूचा असतो. विदारणाच्या गोळ्यांभोवतीचा मुरूम त्याच खडकाचा असतो आणि झिओलाइट या दुय्यम खनिजाची एखादी बारीक शीर मुरमातून गोळ्यात सरळ शिरलेली दिसू शकते. पाण्याखाली ओतलेल्या लाव्हाच्या उशीसारख्या आकारांशीही गफलत होते, पण त्यांना बाहेरून झपाट्याने थंड झालेल्या काचेची कड असते.

पुलाच्या किंवा धरणाच्या पायासाठी भोक घेताना हा घोळ महाग पडतो. मुरमातला मोठा गोळा लागला की सलग, टणक गाभा हाती येतो आणि मूळ खडक लागला असा समज होतो. त्याखाली पुन्हा मुरूम असतो. म्हणून टणक खडक लागल्यावरही भोक काही मीटर पुढे न्यावे लागते आणि शेजारच्या भोकांत तो खडक साधारण त्याच पातळीला लागतो का, हे पाहावे लागते. गोळ्यांच्या बाबतीत ही पातळी भोकागणिक मनमानी बदलते.